गुळाचा खडा वजनकाट्यावर ठेवला तेव्हा...



आजचा लेख थोडा घरगुती आहे. पण त्यातून सातवीच्या वर्गात शेकडेवारीचा एक छान पाठ झाला, आणि माझ्या स्वतःच्या तब्येतीचा एक गैरसमजही दूर झाला. म्हणून इथे लिहिते आहे.

मागच्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याआधी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, एचबीएवनसी, ती ५.९ आली. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. मी घाबरले. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या पायाच्या एका साध्या जखमेने आठ महिने आम्हाला दवाखान्याच्या वाऱ्या करायला लावल्या होत्या, आणि ते ड्रेसिंग मी स्वतः करत होते. त्यामुळे घरी आल्या आल्या साखरेचा डबा फडताळातून काढला आणि शेजारी देऊन टाकला. त्या जागी गुळाचा डबा आला. आम्ही कोल्हापूरकडची माणसं. गावात गुऱ्हाळ, घरात ढेप. गूळ म्हणजे औषध, असं लहानपणापासून ऐकलेलं.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारीत, पुन्हा तपासलं. ६.३.

"मॅडम, गोड कमी केलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमी काय, साखर पूर्ण बंद आहे. चहासुद्धा गुळाचाच."

"गूळ किती खाता दिवसाला?"

मला उत्तरच देता आलं नाही. वीस वर्षं मुलांना "अंदाजे नको, मोजून सांग" म्हणणारी मी, आणि मीच मोजलं नव्हतं.

मोजल्यावर काय निघालं

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात वापरायचा छोटा डिजिटल वजनकाटा आणला. आधी साखरेचा एक सपाट चमचा ठेवला. साडेचार ग्रॅम भरला. पूर्वी मी एका कपाला दोन चमचे, म्हणजे ९ ग्रॅम साखर घालत होते. दिवसाला तीन कप, म्हणजे २७ ग्रॅम. बरोबर चार बिस्किटं. ती धरली तरी सगळं मिळून पस्तीस ग्रॅमच्या आतच.

मग मी रोज चहात टाकते तसा गुळाचा खडा, नेहमीच्याच सवयीने फोडून, काट्यावर ठेवला. १४ ग्रॅम! गूळ साखरेपेक्षा जरा कमी गोड लागतो, आणि खडा चमच्यासारखा मोजून येत नाही, त्यामुळे हात आपोआप सैल सुटतो. तीन कपांचे ४२ ग्रॅम झाले. शाळेतून आल्यावर शेंगदाण्यांबरोबर गूळ खायचे, तो २० ग्रॅम. रात्री जेवणानंतर "पचनाला बरा" म्हणून एक लहान खडा, १० ग्रॅम. एकूण ७२ ग्रॅम.

गूळ म्हणजे शंभर टक्के साखर नव्हे, हे खरं. त्यात थोडं पाणी असतं, थोडे क्षार असतात. पण चांगल्या गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८५ ते ९० ग्रॅम साखरच असते. म्हणजे माझ्या ७२ ग्रॅम गुळातून रोज ६१ ते ६५ ग्रॅम साखर पोटात जात होती. साखर खात होते तेव्हापेक्षा जवळजवळ दुप्पट! जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे, की दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ च्या आत ठेवली तर आणखी चांगलं. यात गूळ, मध, फळांचा रस सगळं धरायचं.

गुळाने माझं नुकसान केलं, असं मी म्हणणार नाही. "गूळ आहे, चालतो" या वाक्याने केलं. त्या वाक्यामुळे मी मोजणं सोडून दिलं होतं.

गूळ आणि साखर: फरक कुठे आहे?

हाच हिशोब मी सातवीच्या वर्गात घेतला. मुलांना सांगितलं, घरी चहात टाकतात तेवढा गुळाचा खडा कागदात बांधून आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर बावीस पुड्या! सगळ्यात लहान खडा ६ ग्रॅमचा, सगळ्यात मोठा १९ चा. मुलांनी सरासरी काढली, मग ८५ टक्क्यांनी साखर काढली, मग चमच्यात रूपांतर केलं. शेकडेवारी इतक्या उत्साहाने कधीच सोडवली नव्हती त्यांनी.

वर्गात एका मुलाच्या घरचं गुऱ्हाळ आहे. त्याने फळ्यापाशी येऊन गूळ कसा करतात ते सांगितलं. चरकात ऊस पिळायचा, रस कायलीत घ्यायचा, खाली चुलवाणात चिपाडं पेटवायची. रसात रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की घाण फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची. मग रस आटवत न्यायचा, वाफ्यात ओतायचा आणि गार झाला की साच्यात भरायचा. साखर कारखान्यातही सुरुवात रसापासूनच होते. पण तिथे रस जास्त स्वच्छ करतात, आटवून त्याचे दाणे पाडतात आणि यंत्रात गरगर फिरवून दाण्यांभोवतीचा काळपट पाक वेगळा काढतात. त्या पाकाला मळी म्हणतात. गुळात हा भाग वेगळा काढलेला नसतो.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे साखर म्हणजे धुतलेला गूळ?" मला तर ही व्याख्या पुस्तकात छापावी इतकी आवडली.

रंग, वास, खमंग चव आणि थोडे क्षार हे सगळं त्या न काढलेल्या भागातून येतं. गोडी मात्र दोन्हीकडे मुख्यतः एकच आहे, सुक्रोज. लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि ग्लुकोज रक्तात जातं. तो कण ढेपेतून आला की पिशवीतून, हे आतड्याला कळत नाही. गुळात थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच सुटं झालेलं असतं, त्यामुळे गूळ सावकाश चढतो असं समजायलाही आधार नाही.

"पण मॅडम, गुळात लोह असतं ना?" हा प्रश्न वर्गातही आला आणि पालकसभेतही. असतं. उसाच्या १०० ग्रॅम गुळात साधारण चार-पाच मिलिग्रॅम लोह धरतात. गूळ कुठे आणि कसा केला यावर ते कमीजास्त होतं. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मुलांनी गणित मांडलं: फक्त गुळातून एवढं लोह घ्यायचं तर रोज अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल! आणि आपण तो घालतो कुठे? चहात. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागायला आणखी अडथळा येतो. म्हणून लोहासाठी डाळी, पालेभाज्या आणि त्यावर पिळलेलं लिंबू यांच्याकडे बघायचं. तिळाच्या लाडवातही खरी कमाई तिळाची असते, गूळ तो लाडू बांधतो आणि गोड करतो.

मग गूळ खायचाच नाही का? खायचा की. आमटीत, पुरणात गुळाची चव साखरेला येणार नाही. फक्त चव म्हणून खायचा आणि साखरेइतकाच मोजायचा. माझ्या घरी आजही गूळच आहे, पण चमच्याने मोजता यावा म्हणून आता किसून ठेवते.

साडेचारची ओढ

हिशोब कळला म्हणून तोंडाला कळतं थोडंच! माझी खरी अडचण होती दुपारी साडेचारची. शेवटच्या तासाला डोकं जड व्हायचं, आणि घरी पोचेपर्यंत गोडाशिवाय काही सुचायचं नाही. डॉक्टरांनी एक साधी परीक्षा सांगितली. गोड खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, आत्ता समोर भाकरी-भाजी आली तर खाशील का? उत्तर "हो" आलं, तर ती भूक आहे. "नको, गोडच हवं" आलं, तर ती सवय किंवा थकवा.

माझं उत्तर रोज "हो" यायचं. एक वाजता डब्यात दोन पोळ्या आणि कोरडी भाजी, मग पाच वाजेपर्यंत काही नाही. म्हणजे ज्याला मी गोडाची ओढ समजत होते, ती बरीचशी भूकच होती. तेव्हा दोन बदल केले. डब्यात वाटीभर उसळ किंवा दही जास्तीचं घेऊ लागले. आणि शाळा सुटायच्या आधी, चार-सव्वाचारला, एक फळ आणि मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे. ही वेळ महत्त्वाची आहे. घरी जाऊन फळ खाईन म्हटलं, तर तोवर भूक इतकी वाढलेली असते की हात आधी डब्याकडे जातो.

फळातही साखर असतेच. मग फरक काय? माझा नेहमीचा पेरू दीडशे ग्रॅमचा. त्यात साखर सुमारे १३ ग्रॅम, पण चोथा सात-आठ ग्रॅम आणि बाकी बहुतेक पाणी. तो चावून खायला दहा मिनिटं लागतात, पोट भरतं आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. २० ग्रॅम गुळात साखर सतरा-अठरा ग्रॅम, चोथा जवळजवळ नाही, आणि तो दोन घासांत संपतो. म्हणून फळ चावून खायचं, पिळून प्यायचं नाही. एका पेल्यात तीन मोसंबी सहज जातात. चावून तीन मोसंबी आपण एका बैठकीत खातो का? पेरू, पपई, संत्रं, मोसंबी मी निवांत खाते. केळं, चिकू, द्राक्षं, आंबा यांत साखर जास्त, म्हणून ते बेताने: एक लहान केळं किंवा आंब्याच्या दोन-तीन फोडी.

चहाचं मात्र एकदम तोडलं नाही. पूर्वी दोनदा "उद्यापासून बिनसाखरेचा" म्हणून पाहिलं होतं, चौथ्या दिवशी मोडलं होतं. या वेळी १४ ग्रॅमवरून १०, दोन आठवड्यांनी ७, आणखी दोन आठवड्यांनी ५. प्रत्येक टप्प्यावर पहिले तीन-चार दिवस चहा पांचट लागला, मग जिभेला सवय झाली. आता कुणाकडे नेहमीचा चहा घेतला तर पाक प्यायल्यासारखं वाटतं. तिसरा कप बंद केला.

खजुराने मला कसं फसवलं

मध्येच एक घोळ झाला, तोही सांगते. "गोडाला खजूर हा उत्तम पर्याय" असं सगळीकडे वाचलं आणि अर्धा किलोचा डबा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. येता-जाता एक, वाचताना दोन. आठवडा संपायच्या आत डबा रिकामा. मी मनाशी म्हणाले, बाई, हे तर गुळासारखंच झालं! पुन्हा काटा काढला. बी काढलेला एक मध्यम खजूर ८ ग्रॅमचा. खजुराच्या गराच्या वजनात साधारण दोन-तृतीयांश साखरच असते, म्हणजे एका खजुरात पाच ग्रॅमच्या आसपास. सोपं लक्षात ठेवायचं: एक लहान खजूर म्हणजे एक चमचा साखर. मोठे, मऊ, महागडे खजूर असतात, त्यांतला एक तीन चमच्यांच्या बरोबरीचा. मी दिवसाला आठ खात होते.

खजुरात चोथा असतो, हा त्याचा गुळावरचा फायदा. पण दोन खजुरांत तो जेमतेम एक ग्रॅम. पेरूशी त्याची बरोबरी नाही. खजूर हे सुकं, आटलेलं फळ आहे, पाणी गेलं आणि गोडी दाटली. त्यामुळे मी त्याला फळाच्या रांगेत न बसवता मिठाईच्या रांगेत बसवलं. आता डबा वरच्या फळीवर असतो. रात्री जेवणानंतर दोन काढायचे, त्यांत दोन-तीन बदाम किंवा अक्रोड भरायचे, डबा परत वर ठेवायचा आणि मगच खायला बसायचं. जेवणानंतरचं "काहीतरी गोड" एवढ्यात भागतं.

पालकांना इथे एक सांगावंसं वाटतं. "बिनसाखरेचे" म्हणून खजुराचे लाडू डब्यात येतात. लाडू छान असतात, पण एका लाडवात तीन खजूर असले तर तीन चमचे साखर झाली. एक द्या, जरूर द्या. बिनसाखरेचा म्हणून तीन नकोत.

ठरवलेलं गोड

शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली. गोड बंद करायचं नाही, ते कधी खायचं हे आधी ठरवायचं. आमच्या घरी रविवारी दुपारी जेवणानंतर एक गोड पदार्थ, आणि सणाच्या दिवशी सणाचा. बाकीच्या दिवशी समोर आलं तर "नाही" म्हणायचं नाही, "रविवारी" म्हणायचं. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाचे पेढे आले की मी कागदात गुंडाळून डब्यात ठेवते. "अहो मॅडम, आत्ता खा की!" म्हणतात. मी म्हणते, "रविवारी निवांत खाते, सर." कुणी रागावत नाही. "नाही"पुढे मन हट्ट करतं, "रविवारी"पुढे बऱ्यापैकी थांबतं.

होळीला याची परीक्षा झाली. आमच्याकडे अर्धा किलो हरभराडाळीला अर्धा किलो गूळ घालतात, त्याच्या चौदा पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत ३५ ग्रॅमच्या वर गूळ, साखर सुमारे ३० ग्रॅम, सहा-सात चमचे! पूर्वी मी तीन खायचे, वर गुळवणी. सासूबाईंना आधीच सांगितलं, "आई, मला एकच वाढा, पण तूप भरपूर घाला." त्या हसल्या. आधी कोशिंबीर, भाजी, कटाची आमटी-भात, आणि शेवटी पोळी. गोड रिकाम्या पोटी न खाता जेवणाच्या शेवटी खाल्लं की रक्तातली साखर तितकी झपकन उसळत नाही. त्या दिवशी दोन्ही चहा बिनगुळाचे घेतले. आणि खरं सांगते, ती एक पोळी मी जितकी चवीने खाल्ली तितक्या चवीने पूर्वीच्या तीन कधी खाल्ल्या नव्हत्या.

सप्टेंबरमध्ये तपासणी केली. ५.९. जिथून निघाले तिथेच परत आले. याचं सगळं श्रेय फळ-खजुराला देणार नाही, कारण मार्चपासून रोज अर्धा तास चालतेही आहे. पण रोजची वरून घातलेली साखर साठ-पासष्ट ग्रॅमवरून दहाच्या आसपास आली. रोजचे दोन खजूर धरले तरी वीसच.

एक मर्यादा लिहायलाच हवी. मी अजून औषधं घेत नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी गोड एकदम कमी करताना डॉक्टरांना विचारावं, कारण औषध तेवढंच आणि खाणं कमी झालं तर साखर फार खाली जाऊ शकते. तशी ती खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरले, तर तेव्हा पेरू चावत बसायचं नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं.

वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर एक काटा, थोडा गूळ, थोडी साखर आणि चार खजूर एवढंच लागतं. फक्त कोणाचा खडा किती मोठा आहे यावरून मुलांना एकमेकांना चिडवू देऊ नका. माझ्या वर्गात १९ ग्रॅमचा खडा आणणारी मुलगी गप्पच झाली होती. मग मी माझा १४ ग्रॅमचा खडा तिच्या शेजारी ठेवला आणि माझा रिपोर्ट फळ्यावर लिहिला. दोन दिवसांनी ती सांगत आली, "मॅडम, आईने आता गूळ किसून ठेवलाय. चमच्याने घालते."